दोनशे ग्रॅमचं पाकीट आणि आठ आठवड्यांचा इंटर्न

म्हैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीतल्या एका मसाला कारखान्यात मी गुणवत्ता विभाग सांभाळते. अन्नतंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलांना म्हैसूरची ओढ असते, कारण १९५० साली चेलुवांबा महालात सुरू झालेली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजे सीएफटीआरआय, इथे आहे. तिथे जागा न मिळालेली काही मुलं आसपासच्या कारखान्यांत अर्ज करतात. मे महिना उजाडला की त्यातली दोन-तीन आमच्याकडे येतात आणि महाराष्ट्रातली असली की बहुधा माझ्या टेबलापाशी पाठवली जातात. काही वर्षांपूर्वी परभणीहून आलेल्या एका मुलाचं काम इथे तपशिलात सांगते. कामाची आखणी आणि गुण देणं या दोन्हींविषयी माझी जी मतं पक्की झाली, ती बरीचशी त्या उन्हाळ्यात झाली.

१. विषय नको, प्रश्न द्या. आणि तो सहा आठवड्यांत संपणारा असू द्या

मुलगा येतानाच विषय ठरवून आला होता: सांबार पावडरचा टिकाऊपणा. विषय चांगला, पण त्याच्या मुदतीत न बसणारा. मसाला पावडर नीट पॅक केली तर कित्येक महिने टिकते. ३८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रतेच्या कपाटात ठेवून तिला लवकर खराब करायची पद्धत आहे, पण तरीही आठवडे जातात आणि त्याआधी चाचण्या हातात बसाव्या लागतात. आठ आठवड्यांतला पहिला ओळखीत जातो, शेवटचा अहवालात. उरतात सहा. एवढ्यात टिकाऊपणाचा अभ्यास हाती घेतला तर मुलगा अर्धवट तक्ता घेऊन परत जातो आणि कारखान्याला काहीच मिळत नाही.

मी त्याला वेगळा प्रश्न दिला. आमच्या २०० ग्रॅमच्या पाकिटात प्रत्यक्षात किती पावडर जाते, आणि ती कमी-जास्त का होते?

या प्रश्नामागे कायदा आहे आणि पैसाही आहे. वैध मापनशास्त्राच्या २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनुसार पाकिटांची सरासरी छापलेल्या वजनाखाली जाता कामा नये, आणि एकेका पाकिटातली तूट ठरावीक मर्यादेत हवी. २०० ग्रॅमसाठी ती मर्यादा ९ ग्रॅम आहे. कमी भरलं तर दंड होतो, म्हणून मशीनवरची माणसं जास्त भरतात. पाकिटामागे ५ ग्रॅम जास्त गेले आणि एका पाळीत दहा हजार पाकिटं निघाली, तर ५० किलो पावडर फुकट जाते. उत्पादन विभागाला हे अंदाजाने ठाऊक होतं, पण कोणी बसून मोजलं नव्हतं.

प्रश्न निवडताना मी दोन गोष्टी पाहते. उत्तराची वाट पाहणारं कारखान्यात कोणी आहे का? आणि काम तिसऱ्या आठवड्यात थांबलं तरी हाती काही उरेल का? इथे उरणार होतं. कारण सापडलं नसतं तरी नेमकं किती जास्त जातं एवढं तरी कळलं असतं.

२. पहिला आठवडा काट्यासोबत

मुलाला पहिल्याच दिवशी मशीनपाशी धावायचं होतं. मी त्याला काट्यासमोर बसवलं. एकच पाकीट दहा वेळा उचलून ठेव आणि दहा आकडे लिही, असं सांगितलं. पंखा चालू असताना आकडे थरथरत होते, पंखा बंद केल्यावर स्थिर झाले. मशीनशेजारच्या टेबलावर तोच काटा पुन्हा हलू लागला, कारण जमिनीतून कंप येत होता. शेवटी भिंतीलगतच्या दगडी ओट्यावर काट्याची जागा ठरली. रोज सकाळी २०० ग्रॅमचं प्रमाणित वजन ठेवून काटा तपासायचा आणि तो आकडा वहीच्या पानावर सगळ्यात वर लिहायचा, असा नियम झाला.

मग रिकाम्या पाकिटाचा प्रश्न आला. आतली पावडर किती हे काढायचं तर पाकिटाचं वजन वजा करावं लागतं, आणि फिल्मचा रोल बदलला की तेही थोडं बदलतं. प्रत्येक नव्या रोलची पंचवीस रिकामी पाकिटं तोलून त्यांची सरासरी धरायची, ही कल्पना त्याची स्वतःची. मी ती तारखेसह माझ्या वहीत लिहून ठेवली. गुण देण्याच्या दिवशी आठवणीवर विसंबायचं नसेल तर अशी नोंद त्याच दिवशी व्हावी लागते.

या आठवड्यात बाहेरून पाहणाऱ्याला काम झालेलं दिसत नाही. उत्पादनाचे व्यवस्थापक दोनदा येऊन विचारून गेले, ‘मुलगा अजून काटाच पुसतोय का?’ मी आठवडा कमी केला नाही. ज्या आकड्यावर विश्वास नाही त्याचा आलेख कितीही देखणा काढला तरी त्यावरून कोणी मशीनची सेटिंग बदलणार नाही, आणि बदलूही नये.

३. इंटर्न हा कमी पडलेल्या मजुराची बदली नव्हे

नोंदींची पद्धत साधी ठरली. दर पंधरा मिनिटांनी सलग पाच पाकिटं घ्यायची, तोलायची आणि शेजारी वेळ, रोल, बॅच आणि हॉपरमधल्या पावडरची पातळी लिहायची. हॉपर म्हणजे मशीनवरची ती उलट्या शंकूसारखी टाकी, जिच्यातून पावडर खाली येते. तिची पातळी लिहायला सांगताना कारण मी मुद्दामच सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात वही चाळताना मला एक पान फार गुळगुळीत वाटलं. एरवी वेळा १०.०२, १०.१९ अशा मागे-पुढे पडलेल्या असत. त्या पानावर मात्र १२.४५, १.००, १.१५ अशा अगदी काट्यावर होत्या. आकड्यांतला फरकही नेहमीपेक्षा कमी. मी मशीनची नोंदवही मागवली. एक ते दीड या वेळात रोल बदलायला मशीन बंद होतं. बंद मशीनमधून पाकिटं कुठून येणार?

मी त्याला एकट्याला बोलावलं आणि दोन्ही वह्या पुढ्यात ठेवल्या. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘मॅडम, माणूस कमी होता म्हणून मला खोक्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं होतं. पान रिकामं दिसलं तर तुम्ही रागवाल असं वाटलं.’

खोटी नोंद ही गंभीर गोष्ट आहे आणि मी ती तशीच त्याला सांगितली. पण तिचं कारणही तितकंच गंभीर होतं. शिकायला आलेल्या मुलाला ‘जरा मदत कर’ म्हणून कोणीही उचलून नेत होतं, आणि नाही म्हणायची त्याची सोय नव्हती. पाठवणाऱ्याला अर्ध्या तासाचा माणूस मिळतो, पण मुलाच्या कामात भगदाड पडतं, आणि शेवटी गुण कापले जातात ते मुलाचेच. त्या दुपारी मी उत्पादन विभागाला लेखी कळवलं की या मुलाला माझ्या सहीशिवाय दुसरं काम देऊ नये. वहीतली ती पानं त्याने फाडली नाहीत. आकड्यांवर एकच आडवी रेघ मारून बाजूला ‘नोंद घेतली नाही’ असं लिहिलं आणि सही केली. रिकामी जागा चालते, हे त्याला त्या दिवशी पटलं. पुढे वहीत बऱ्याच रिकाम्या जागा आल्या, आणि त्या पाहून मला उरलेल्या आकड्यांची खात्री वाटू लागली.

देखरेख करणाऱ्याने आठवड्यातून एकदा तरी मूळ वही पाहिली पाहिजे. संगणकावरचा तक्ता पुरत नाही, तिथे सगळेच आकडे सारखे शहाणे दिसतात.

४. मशीनवरच्या माणसाला आरोपी करू नका

आमच्या पाकीट मशीनवर दोन अनुभवी ऑपरेटर आळीपाळीने काम करत. मुलगा वही घेऊन उभा राहिला की ते सावध होत. चूक कोणाची हे शोधायला याला पाठवलंय, असा त्यांचा समज होणं साहजिक होतं. त्यात भाषेची अडचण. ऑपरेटर कन्नड बोलणारे, मुलाची हिंदीही मराठवाडी वळणाची.

मी दोन गोष्टी केल्या. तक्त्यात ऑपरेटरचं नाव लिहायचं नाही, हे त्यांच्यासमोरच ठरवलं. आणि मुलाला पहिल्या पंधरवड्यात कामापुरती कन्नड शिकायला लावली: तूक म्हणजे वजन, एष्टु म्हणजे किती, निल्लिसी म्हणजे थांबवा. तो ऑपरेटरांना ‘अण्णा’ म्हणू लागला आणि चहाच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर बसू लागला.

त्याचा उपयोग कागदावरही दिसला. वजन घसरतंय हे त्याच्या आलेखात दिसायच्या आधीच थोरल्या अण्णांनी त्याला सांगितलं होतं, की टाकी खाली गेली की मला सेटिंग वाढवावी लागते. हे वाक्य त्याने वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं आणि अहवालात त्यांच्या नावाने श्रेय दिलं.

इथे मूल्यमापनाचाही एक धडा आहे. साप्ताहिक बैठकीत हा मुलगा तोंड उघडत नसे. बैठक इंग्रजी-कन्नड मिश्रणात चाले. एका वरिष्ठांनी त्याच्याबद्दल ‘पुढाकार कमी’ असं मत करून घेतलं होतं. पुढाकार बैठकीतल्या बोलण्यावर मोजला असता तर तो नापास झाला असता, पण मशीनपाशी मात्र त्याचा पुढाकार पूर्ण होता. परक्या भाषेतल्या मुलाबद्दल मत बनवण्याआधी तो जिथे मोकळेपणाने बोलतो तिथे जाऊन ऐकावं.

५. उत्तर माहीत असलं तरी थांबा

वजन का घसरतं याचा मला अंदाज होता. या कामात वर्षं काढलेल्या कोणालाही तो असतो. आमच्या मशीनवर पावडर तोलून भरली जात नाही. खाली एक उभा स्क्रू असतो, तो ठरावीक फेरे फिरतो आणि तेवढ्या फेऱ्यांत जेवढी पावडर खाली ढकलली जाते तेवढी पाकिटात पडते. म्हणजे माप आकारमानाचं आहे. हॉपर भरलेला असला की वरच्या भाराने खालची पावडर दाबली जाते आणि तेवढ्याच जागेत जास्त वजन बसतं. हॉपर उतरला की पावडर सैल होते आणि पाकीट हलकं होतं.

हे त्याला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर दोन तासांत पाठ झालं असतं. मी रोज पंधरा मिनिटं मशीनपाशीच त्याच्याबरोबर उभी राहत असे आणि फक्त विचारत असे: काल काय वेगळं दिसलं? त्याने आधी बॅचवर संशय घेतला, मग रोलवर. दोन्ही संशय आकड्यांपुढे टिकले नाहीत. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस त्याने सगळी पाकिटं वेळेऐवजी हॉपरच्या पातळीप्रमाणे मांडली आणि धावत माझ्याकडे आला. टाकी भरलेली असताना सरासरी २०८ ग्रॅम, तळाला गेल्यावर १९९. म्हणजे एकूण सरासरी २०५ असूनही, टाकी तळाला असतानाचीच पाकिटं एखाद्या खोक्यात भरली गेली आणि तेच खोकं तपासणीला लागलं, तर आम्ही अडकलो असतो. ऑपरेटर जास्त का भरतात याचं उत्तर मिळालं होतं. त्यांची धास्ती त्या तळाच्या पाकिटांची होती, आणि ती रास्त होती.

थांबण्यालाही मर्यादा असते. पाचव्या आठवड्याच्या सोमवारपर्यंत त्याला हे दिसलं नसतं तर मी स्वतः बोट ठेवून दाखवणार होते, हे माझ्या वहीत आधीच लिहिलेलं होतं. कारण उपाय करून पाहायला दोन आठवडे हवेच होते.

उपायात त्याने घाईची सूचना केली की सेटिंग लगेच २०२ वर आणू. मी ती नाकारली. चढ-उतार तसाच ठेवून सरासरी खाली आणली असती तर तळाची पाकिटं १९६ पर्यंत गेली असती. आधी चढ-उतार कमी करायचा, मग सरासरी. हॉपरला बाहेरून दोन लाल पट्ट्या चिकटवल्या. पावडर खालच्या पट्टीपर्यंत आली की पूर्ण पोतं न ओतता अर्धं ओतायचं, वरच्या पट्टीपलीकडे जायचं नाही. मदतनिसाच्या फेऱ्या दुप्पट झाल्या, म्हणून त्याच्यासाठी शिडीऐवजी पायऱ्यांचं स्टँड बनवून घेतलं. आठवडाभरात वरचा-खालचा फरक ९ ग्रॅमवरून ३ च्या आत आला. त्यानंतर सेटिंग २०२ वर आणली. पाळीमागे ३० किलो पावडर वाचू लागली.

६. गुणांचा कागद पहिल्या आठवड्यात

ज्या निकषांवर गुण द्यायचे ते मी पहिल्या शुक्रवारीच मुलाच्या हातात देते. आमचे चार होते: आकड्यांची विश्वासार्हता ३०, कारणाचा शोध ३०, मशीनवरच्या माणसांशी काम २०, आणि काम दुसऱ्याच्या हाती सोपवणं २०. प्रत्येकापुढे चांगलं म्हणजे काय ते एका ओळीत लिहिलेलं. सोपवण्यापुढे लिहिलं होतं: ‘याची वही वाचून नवीन माणूस दुसऱ्या दिवशी तीच मोजणी करू शकतो.’ चौथ्या आठवड्यात त्याच कागदावर पेन्सिलीने गुण घालून मुलासमोर ठेवायचे. सुधारायला वेळ असताना कमी गुण दिसले तर त्यांचा उपयोग होतो. शेवटच्या दिवशी दिसले तर ती नुसती शिक्षा ठरते.

खोट्या नोंदीचं काय केलं? चौथ्या आठवड्यातल्या पेन्सिलीच्या गुणांत विश्वासार्हतेपुढे ३० पैकी १४ होते. शेवटी २३ झाले. प्रसंग पुसला नाही, पण त्यानंतरच्या वहीने जे कमावलं तेही धरलं.

आता त्याच उन्हाळ्यातली दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. सांगलीची एक मुलगी शेजारच्या विभागात पुळियोगरे मसाल्यावर काम करत होती. त्यात चिंच असते, चिंचेची पावडर हवेतलं पाणी ओढते आणि जूनच्या पावसात मसाल्याचे गोळे होतात. जाड फिल्म वापरली तर गोळे थांबतील का, हा तिचा प्रश्न. तिने दोन्ही फिल्मची पाकिटं एकाच दिवशी, एकाच बॅचमधून भरली, आर्द्रतेच्या कपाटात त्यांच्या जागा अदलाबदल केल्या, आणि गोळे ठरवताना कुठलं पाकीट कुठल्या फिल्मचं हे पाहणाऱ्याला कळू दिलं नाही. निष्कर्ष निघाला की काहीच फरक नाही. तिच्या विभागप्रमुखांनी सत्तरच्या घरात गुण ठेवले, कारण ‘निकाल आला नाही’.

गुण कायम होण्याआधी आम्ही दोघांनी दोन्ही मुलांच्या वह्या अदलाबदल करून वाचल्या. ही पद्धत मी कोणालाही सांगेन. माझ्या मुलाच्या प्रश्नात उत्तर दडलेलं होतं, म्हणून त्याला ३० किलो सापडले. तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘नाही’ असं होतं आणि ते तिने निःसंशय शोधलं. तिच्यामुळे महागडी फिल्म घेण्याचा निर्णय टळला. प्रश्न कोणाला कोणता मिळाला हे आम्ही ठरवलं होतं, मुलांनी नव्हे. त्याचा फायदा-तोटा त्यांच्या गुणांत उतरवणं अन्याय होता. तिच्या पहिल्या पानापासून आकडे स्वच्छ होते. विभागप्रमुखांनी वही पुन्हा पाहिली आणि गुण वाढवले. शेवटी तिला ८७ मिळाले आणि माझ्या मुलाला ८१.

मुलाने विचारलं, ‘मॅडम, माझं काम तर लागू झालंय, मग तिला जास्त कसे?’ मी कागद पुढे केला आणि ओळीओळीने दाखवलं. त्याला ते आवडलं नाही, पण वाद घालायला त्याच्याकडे मुद्दा नव्हता. कागद पहिल्या आठवड्यात दिलेला असण्याचा हाच फायदा.

७. कॉलेजचा फॉर्म आणि शिफारसपत्र

कॉलेजचे फॉर्म बहुधा सारखेच असतात: वक्तशीरपणा, शिस्त, ज्ञान, आणि प्रत्येकापुढे ‘उत्कृष्ट’पासून खाली चौकटी. सगळीकडे ‘उत्कृष्ट’वर खूण करून मुलाला वाटेला लावणं हे भलेपणाचं वाटतं. प्रत्यक्षात त्याने खरोखर चांगल्या मुलाचं नुकसान होतं, कारण त्याच्या फॉर्ममध्ये आणि दिवस ढकलून गेलेल्याच्या फॉर्ममध्ये काही फरक उरत नाही. मी प्रत्येक खुणेशेजारी एक घटना लिहिते. जागा नसली तर वेगळा कागद जोडते.

परभणीच्या मुलाच्या पत्रात मी लिहिलं की याने पाकिटांतला चढ-उतार हॉपरच्या पातळीशी जोडून दाखवला, उपाय बसवला, आणि हा निष्कर्ष तिखटाच्या मशीनला तसाच लावू नये, कारण ती पावडर तेलकट असते आणि वेगळी वागते, हेही स्वतःहून अहवालात नोंदवलं. या शेवटच्या वाक्यासाठी मी त्याला सगळ्यात जास्त मानते. आपल्या कामाची हद्द स्वतः आखणं पदवीच्या वर्गातल्या मुलात क्वचित दिसतं.

पुढच्या मे महिन्यात तुमच्याकडे कोणी येणार असेल तर एप्रिलमध्येच दोन कागद तयार करून त्याला पाठवा: एकावर प्रश्न, दुसऱ्यावर गुण कशाचे ते. आणि त्या प्रश्नाचं उत्तर कारखान्यात कोणाला हवं आहे, त्या माणसाचं नाव पहिल्या कागदावर खाली लिहा. नाव सुचलं नाही, तर प्रश्न बदला.